एअर टँक नक्की किती लिटरचा? टेप, फूटपट्टी आणि पाच मिनिटांचा हिशोब

मागच्या वर्षी भोसरीतल्या एका मित्राने त्याच्या पावडर कोटिंगच्या युनिटसाठी सेकंडहँड एअर रिसीव्हर, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा साठवायचा टँक, घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत घेऊन गेला. विकणाऱ्याने टँकवर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, साडेपाचशे लिटरचा माल आहे, डोळे झाकून घ्या. पटत नसेल तर मोजून घ्या." मोजून घ्या म्हटल्यावर आम्ही खरंच टेप काढला. त्याचा हिशोब कुठे चुकला ते कळायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तीच चूक नवीन माणसं हमखास करतात, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. गणित सातवी-आठवीतलंच आहे, घोळ होतो तो टेप कुठून कुठपर्यंत धरायचा यात.

आधी फॉर्म्युला एकदा बघून घेऊ. सिलिंडरचं आकारमान म्हणजे गोल तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. क्षेत्रफळ काढायला आतला डाया घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.७८५४ ने गुणायचं. हे ०.७८५४ म्हणजे पायचा चौथा भाग. शाळेत आपण पाय आर स्क्वेअर शिकलो पण टँकची त्रिज्या कोणी मोजत नाही, डायाच मोजतात, आणि उगाच अर्धा करायला गेलं की कधीतरी अर्धा करायचं विसरतं आणि उत्तर चौपट येतं. त्यामुळे डाया आणि ०.७८५४ हीच जोडी डोक्यात ठेवा.

युनिटचं एक सोपं काम करा. मोजमाप मिलिमीटरमध्ये घ्या, पण हिशोबाला बसताना त्याला शंभराने भागा, म्हणजे ६०० मिमीचे ६ आणि १५८० मिमीचे १५.८. असं केलं की उत्तर थेट लिटरमध्ये येतं, कारण १०० मिमी बाय १०० मिमी बाय १०० मिमीचा डबा म्हणजे बरोबर एक लिटर. नाहीतर मिमीमध्ये गुणाकार करायचा आणि शेवटी दहा लाखाने भागायचं, ते पण बरोबरच आहे पण कॅल्क्युलेटरवर शून्यं मोजताना एखादं इकडेतिकडे होतं आणि पाचशे लिटरचा टँक पन्नास लिटरचा होऊन बसतो. बाजारात अजून फूट-इंचात बोलतात, "दोन फुटी डाया" वगैरे, ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं, स्वतः मिमीमध्ये मोजायचं.

टेप लावायच्या आधी एक गोष्ट, टँक चालू लाइनवर असेल तर आउटलेट बंद करून प्रेशर पूर्ण सोडा, गेज शून्यावर येऊ द्या, आणि खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून आतलं पाणी काढून टाका. पाण्याचं का ते पुढे सांगतो.

आता आतला डाया. टँक बंद असतो, आत टेप जात नाही, हँडहोल असलं तरी त्यातून हात घालून डाया मोजणं म्हणजे अंदाजपंचे. मग काय करायचं, तर बाहेरून घेर मोजायचा. स्टीलची पातळ टेप किंवा शिंप्याची टेप टँकभोवती फिरवा, घट्ट ओढा, आणि ती आडवीतिडवी न जाता सरळ गोल बसली आहे ना ते चारी बाजूंनी बघा. आलेल्या घेराला ३.१४१६ ने भागलं की बाहेरचा डाया मिळाला. दोन गुण्ये लावून थेट डाया मोजणारे पण आहेत, पण टँक थोडासा लंबगोल असतोच, विशेषतः जुना आणि आडवा ठेवलेला, मग एका बाजूने ६०८ येतं आणि दुसऱ्या बाजूने ६१६. घेरात ही भानगड आपोआप सरासरी होऊन जाते, म्हणून मी घेरच घेतो.

घेर मोजताना नवीन पोरांना एक शंका येते की टँकच्या लांबीवर जी उभी वेल्डची लाइन असते तिच्यावरून टेप जाताना उचलली जाते, मग माप चुकणार. मला पण आधी वाटायचं. पण हिशोब करून बघितला तर साधारण ६०० डायावर दोन मिमी उंच वेल्ड असेल तर घेर अर्ध्या मिमीनेसुद्धा वाढत नाही, म्हणजे डाया ०.१ मिमीने. पेंटचा थर, टेपची स्वतःची जाडी, हे सगळं मिळूनसुद्धा लिटरमध्ये काही फरक दिसत नाही, त्यात वेळ घालवू नका. टेप तिरकी गेली तर मात्र थोडा फरक पडतो, आणि पाय किंवा मोटरची प्लेट मध्ये आली म्हणून टेप तिच्यावरूनच नेली तर भलताच पडतो. दोन पायांच्या मधली मोकळी जागा शोधायची.

आम्ही त्या टँकवर तीन ठिकाणी घेर घेतला, १९२२, १९२३, १९२४. मधला धरला. १९२३ भागिले ३.१४१६ म्हणजे ६१२ मिमी बाहेरचा डाया.

आता यातून पत्र्याची जाडी वजा करायची, आणि दोनदा करायची कारण डायाच्या दोन्ही टोकांना पत्रा आहे. एकदाच वजा करणारे मी बघितलेत. जाडी कळणार कशी? सगळ्यात चांगलं म्हणजे अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज, टँक पाण्याने भरून प्रेशरची हायड्रोटेस्ट करणाऱ्यांकडे असतंच, पेंट थोडा खरवडून जेल लावायचं आणि प्रोब टेकवायचा. ते नसेल तर टँकच्या नेमप्लेटवर शेलची, म्हणजे गोल अंगाच्या पत्र्याची, जाडी बऱ्याचदा पंच केलेली असते. दोन्ही नसेल तर हँडहोलच्या तोंडावर कॅलिपर लावून अंदाज येतो, पण जपून, तिथे बऱ्याचदा वेगळी जाड रिंग वेल्ड केलेली असते आणि तुम्ही शेलच्या नावाखाली रिंगच मोजता.

आमच्याकडे गेज होतं, ६ मिमी आलं. ६१२ वजा १२, म्हणजे आतला डाया ६००.

बारा मिमीने काय होतंय असं वाटेल. पण डायाचा वर्ग होतो, त्यामुळे डायातली चूक दुप्पट होऊन येते. ६०० च्या जागी ६१२ घेतलं की डाया २ टक्क्यांनी चुकला आणि लिटर ४ टक्क्यांनी चुकले, पाचशे लिटरच्या टँकमध्ये वीस लिटर हवेतून आले. लांबीत २ टक्के चुकलं तर लिटर पण २ टक्केच चुकतात. म्हणून टेप दोनदा लावायची असेल तर घेराला लावा.

आता लांबी, आणि खरा खड्डा इथे आहे. टँकची टोकं सपाट नसतात, फुगीर असतात, त्याला डिश एंड म्हणतात. विकणारा काय करतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप धरतो, बाहेरचा डाया घेतो आणि गुणाकार मारतो. आमच्या टँकची टोकाटोकाची एकूण लांबी १८९२ मिमी होती. मग त्याचा हिशोब असा: ०.७८५४ × ६.१२ × ६.१२ × १८.९२ म्हणजे ५५७ लिटर. हेच त्याचं "साडेपाचशे". त्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, त्याने मनापासून चुकीचं मोजलं होतं. फुगीर टोकाला त्याने पूर्ण डायाचा सिलिंडर धरला, आणि पत्र्याचं लोखंड पण हवेत जमा केलं.

याच्या उलट चूक करणारे पण असतात, ते म्हणतात डिशची कटकट नको, आपण एका वेल्डपासून दुसऱ्या वेल्डपर्यंतचं मोजू. टँकच्या दोन्ही बाजूंना डिश जोडल्याची जी गोल वेल्ड लाइन दिसते त्यांच्यामधलं अंतर आमच्याकडे १५०० होतं. त्याचे झाले ०.७८५४ × ६ × ६ × १५ म्हणजे ४२४ लिटर. बघा, एकाच टँकचे एकाच्या मते ५५७ आणि दुसऱ्याच्या मते ४२४, आणि दोघांच्याही हातात तीच टेप.

खरं उत्तर मध्ये आहे, आणि ते काढायला दोन लांब्या लागतात. एक म्हणजे सरळ भागाची लांबी आणि दुसरी एकूण लांबी.

सरळ भाग वेल्ड लाइनवर संपत नाही. डिश एंडला वेल्डनंतर थोडी सरळ कॉलर असते, २५ मिमी, ४० मिमी, काहीतरी असते, आणि तिच्यानंतर वळण सुरू होतं. ते वळण नेमकं कुठे सुरू होतं ते बघायला एक स्टीलची फूटपट्टी टँकच्या लांबीच्या दिशेने पत्र्यावर ठेवा, वेल्डच्या पुढे डिशच्या बाजूला, आणि हळूहळू टोकाकडे सरकवा. मागे मोबाइलची टॉर्च धरा. जिथपर्यंत पट्टी पत्र्याला चिकटून आहे तिथपर्यंत सरळ, आणि जिथून पट्टीखालून उजेडाची चीर दिसायला लागते तिथून वळण. त्या जागी खडूने खूण करा. दुसऱ्या टोकाला पण तेच. दोन खुणांमधलं अंतर ही सरळ लांबी. आमच्या टँकला कॉलर दोन्हीकडे ४० ची निघाली, म्हणजे १५०० अधिक ८०, सरळ लांबी १५८०.

उजेडाची चीर नेमकी कुठे सुरू होते यात पाच-सात मिमीचं मतभेद होऊ शकतो, माझं आणि मित्राचं झालंच. भांडू नका, कारण पुढच्या पायरीत ही चूक बरीचशी आपोआप भरून निघते. सरळ भाग कमी धरला तर डिश तेवढीच खोल धरली जाते. सात मिमी इकडेतिकडे झालं तर फरक दोनेक लिटरच्या आतच राहतो.

एकूण लांबीसाठी आडवा टँक असेल तर दोन्ही टोकांच्या सगळ्यात फुगीर जागेला टेकवून एकेक ओळंबा सोडा किंवा गुण्या जमिनीवर उभा करा, आणि जमिनीवर त्या दोघांमधलं अंतर मोजा. टेप टँकच्या अंगावरून वळवत नेऊ नका, वळणावरून नेलेली टेप जास्तच दाखवणार. उभा टँक असेल तर वरच्या डिशवर आडवी सरळ पट्टी ठेवून तिथून खालपर्यंत टेप सोडायची आणि खालच्या डिशच्या तळाची जमिनीपासूनची उंची वजा करायची. डिशच्या मधोमध सॉकेट किंवा नोझल वेल्ड केलेलं असेल तर त्याची उंची धरू नका, पत्र्यालाच टेकवा.

आता डिशची आतली खोली. एकूण १८९२, त्यातून सरळ १५८० गेले, राहिले ३१२. यातून दोन्ही टोकांचा पत्रा ६ आणि ६ म्हणजे १२ गेले, राहिले ३००. दोन डिश आहेत म्हणून प्रत्येकी १५० खोल.

आणि आता या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. डिशमध्ये किती मावतं हे काढायला डिशच्या आतल्या खोलीचे दोन तृतीयांश घ्या आणि तेवढी लांबी सरळ भागात मिळवा. बास. १५० चे दोन तृतीयांश १००. दोन डिश म्हणजे २००. १५८० अधिक २०० म्हणजे १७८०. ही झाली टँकची हिशोबाची लांबी.

०.७८५४ × ६ × ६ × १७.८ = ५०३ लिटर.

हे दोन तृतीयांश कुठून आले? अर्धगोल किंवा अर्ध-लंबगोल घुमटाचं आकारमान हे त्याच डायाच्या आणि त्याच उंचीच्या सिलिंडरच्या बरोबर दोन तृतीयांश असतं, हे भूमितीचं पक्कं गणित आहे. आमच्या टँकची डिश होती टू इज टू वन इलिप्टिकल, म्हणजे खोली डायाच्या चौथा भाग, ६०० ला १५०. अशा डिशला हा नियम तंतोतंत लागतो. पूर्ण अर्धगोल टोक असेल तरी तंतोतंत.

पण आपल्याकडे छोट्या फॅब्रिकेटरकडचे बरेच टँक असतात टोरिस्फेरिकल डिशचे. मधला भाग मोठ्या गोलाचा चपटा तुकडा आणि कडेला छोट्या त्रिज्येचं वळण, त्या वळणाला नकल म्हणतात. त्यातला १० टक्के नकलवाला प्रकार असेल तर आतली खोली डायाच्या पाचव्या भागापेक्षा किंचित कमी असते, ६०० डायाला ११६ मिमीच्या आसपास. तिथे खरा आकडा दोन तृतीयांश म्हणजे ०.६६७ ऐवजी ०.६५ येतो. ११६ वर हा फरक किती, तर जेमतेम दोन मिमी लांबी, म्हणजे एका डिशमागे अर्धा लिटर. ६ टक्के नकलवाली अजून चपटी डिश असेल तर ०.६१ धरा. म्हणजे प्रकार ओळखता आला नाही, ड्रॉइंग नाही, बनवणारा गेला गावाला, तरी खोली मोजून दोन तृतीयांश केलं की काम होतं. पुस्तकात प्रत्येक डिशचा वेगळा गुणांक देतात आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो की आपली कुठली. खोली मोजा, ती सगळं सांगते.

सपाट टोकांचा टँक असेल तर खोली शून्य, काही मिळवायचं नाही. पण सपाट टोकाचा टँक दिसला तर माझा पहिला प्रश्न लिटरचा नसतो. सपाट पत्रा प्रेशरला फुगतो, तो शेलपेक्षा बराच जाड लागतो, आणि कोणीतरी पाइपला दोन्हीकडे सहा मिमीचे चकते मारून रिसीव्हर बनवला असेल तर त्याच्या शेजारी मी उभा पण राहणार नाही.

पाइपवरून आठवलं. छोटे टँक बऱ्याचदा पाइपचे बनवतात, आणि "दहा इंची पाइप आहे" असं सांगतात, मग माणूस २५४ मिमी डाया धरून मोकळा होतो. पाइपचं दहा इंच हे नुसतं नाव आहे. दहा इंची पाइपचा बाहेरचा डाया २७३ मिमी असतो आणि बारा इंचीचा ३२४. चौदा इंचापासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचा डाया जुळतो. दहा इंची पाइप, जाडी ६.३५ मिमी असेल तर आतला डाया २६०.३ येतो, एक मीटर लांबीत ५३ लिटर. २५४ धरलं तर ५१ पण होत नाहीत. इथे पण उपाय तोच, नाव ऐकायचं नाही, घेर मोजायचा.

एक्सेलमध्ये एकदा बसवून ठेवायचं असेल तर B1 मध्ये घेर, B2 मध्ये जाडी, B3 मध्ये सरळ लांबी, B4 मध्ये एकूण लांबी, सगळं मिमीमध्ये टाका आणि B5 मध्ये हे पेस्ट करा:

```
=PI()/4*(B1/PI()-2*B2)^2*(B3+2/3*(B4-B3-2*B2))/1000000
```

१९२३, ६, १५८०, १८९२ टाकल्यावर ५०३.५ यायला पाहिजे. हातानं ५०३.३ येतं कारण आपण डाया ६०० धरला आणि एक्सेल ६००.१ धरतं. यापेक्षा जास्त फरक आला तर कुठल्यातरी सेलमध्ये सेंटिमीटर घुसलंय.

उत्तर बरोबर आहे का ते तपासायचं कसं? आमच्या टँकवर नेमप्लेट दिसत नव्हती, विकणारा म्हणाला नाहीच. पण शेलवर एका ठिकाणी पेंटखाली चौकोनी उंचवटा हाताला लागत होता. पॉलिश पेपरने घासल्यावर पेंटच्या तीन थरांखालून पितळी प्लेट निघाली, कपॅसिटीपुढे ०.५ घनमीटर लिहिलेलं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे पाचशे. बनवणारे गोल आकडा लिहितात, आपले ५०३ त्यात बसतात. त्या प्लेटवर वर्किंग प्रेशर, टेस्ट प्रेशर आणि बनवल्याचं साल पण होतं, आणि खरं सांगायचं तर लिटरपेक्षा त्याच आकड्यांवर आम्ही टँक घेतला. प्लेटच नसती तर लिटर कितीही बरोबर आले असते तरी मी मित्राला घेऊ दिला नसता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ३१ मध्ये प्रेशरवर चालणाऱ्या प्लांटचं सेफ वर्किंग प्रेशर ओलांडायचं नाही असं होतं, आणि ज्याचं वर्किंग प्रेशर काय हेच माहीत नाही त्याचं ओलांडायचं की नाही हे कोण ठरवणार.

दुसरी तपासणी पाण्याची. सेकंडहँड टँक वापरात आणायच्या आधी हायड्रोटेस्ट करायचीच असते, तेव्हा टँक पाण्याने पूर्ण भरावा लागतो, मग भरतानाच मोजून घ्या. वॉटर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर वीस लिटरच्या बादलीवर खूण करून बादल्या मोजा. आमच्या पंचवीस बादल्या झाल्या आणि वर थोडं. भरताना सगळ्यात वरचं सॉकेट उघडं ठेवा, नाहीतर वर हवा अडकते आणि पाणी कमी लागल्यासारखं दिसतं. आणि पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, टँकचं स्वतःचं वेगळं, त्यामुळे पोटमाळ्यावर किंवा पत्र्याच्या स्टँडवर हा प्रयोग करू नका. टेस्ट पाण्यानेच का, हवेने का नाही, असं मित्राच्या हेल्परने विचारलं. पाणी दाबलं जात नाही, फुटलं तर नुसतं फसकन बाहेर येतं, आणि हवा फुटली तर टँक उडतो.

आता हे एवढं मोजायचं कशाला, पाचशे काय आणि साडेपाचशे काय? नुसती हवा साठवायची असेल तर खरंच फार फरक पडत नाही. कॉम्प्रेसर ७ किलो प्रेशरला कट होतो आणि साडेपाच किलोला परत चालू होतो, मधल्या दीड किलोत ५०३ लिटरच्या टँकमधून साधारण सातशे तीस लिटर मोकळी हवा निघते. २० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २० घनफूट हवा खाणारी गन असेल तर ती ७७ सेकंद चालते. टँक ५५७ चा असता तर ८६ सेकंद. आठ-नऊ सेकंदांसाठी कोणी भांडत नाही.

पण त्याच टँकवर तुम्ही कॉम्प्रेसरची तब्येत तपासणार असाल तर फरक पडतो, आणि मित्राच्या बाबतीत तेच झालं. त्याच्याकडे दहा एचपीचा टू स्टेज कॉम्प्रेसर, हवा ३५ सीएफएम देतो असं लिहिलेलं, आणि त्याला संशय की आता तेवढी देत नाही. हे बघायची साधी पद्धत म्हणजे टँक भरायला लागणारा वेळ. टँक रिकामा, ड्रेनमधून पाणी काढलेलं, आउटलेट घट्ट बंद, कॉम्प्रेसर चालू आणि स्टॉपवॉच चालू, गेज ७ किलोवर आलं की थांबवायचं. पाणी काढायचं यासाठी की तळाशी जेवढं पाणी तेवढी जागा हवेला कमी. पावसाळ्यात आठ दिवस ड्रेन केलं नाही तर टँकमध्ये बादली-दोन बादल्या पाणी सहज सापडतं आणि टँक लवकर भरल्यासारखा दिसतो, कॉम्प्रेसर उगाच भारी वाटतो.

आमची वेळ आली ३ मिनिटं ५० सेकंद. टँकचे लिटर गुणिले ७ किलो, भागिले वातावरणाचा दाब १.०३३ किलो, म्हणजे आत ढकललेली मोकळी हवा. ५०३ × ७ ÷ १.०३३ = साधारण ३४०९ लिटर. याला ३.८३ मिनिटांनी भागलं की मिनिटाला ८९० लिटर, आणि २८.३ लिटर म्हणजे एक सीएफएम, तर ३१.४ सीएफएम. म्हणजे दहा टक्के कमी.

हाच हिशोब विकणाऱ्याच्या ५५७ ने केला तर ३४.८ येतं. कॉम्प्रेसर एकदम ठणठणीत! टँकच्या मापातली दहा टक्के चूक जशीच्या तशी कॉम्प्रेसरच्या रिपोर्टवर येऊन बसते, आणि बिचारा माणूस लाइनमधले लीकेज शोधत फिरतो.

तापमानाचं पण थोडं असतं, टँकमधली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर गेज खऱ्यापेक्षा जरा लवकर ७ दाखवतं. बाहेर ३० आणि आत ४० डिग्री असेल तर आलेलं उत्तर ३०३ ने गुणून ३१३ ने भागायचं, म्हणजे ३१.४ चे ३०.४ होतात. आमच्याकडे टँकवर थर्मामीटर नव्हता म्हणून आम्ही ते सोडलं, पण दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची टेस्ट दोन्ही सकाळी, थंड कॉम्प्रेसरवर घेतली, म्हणजे तुलना तरी सरळ राहिली.

कॉम्प्रेसरचं हेड उघडल्यावर लो प्रेशर साइडच्या व्हॉल्व्हची एक पट्टी कडेला चिरलेली निघाली, आणि दुसरीवर कार्बनचा असा थर की नखानेही निघेना. व्हॉल्व्हचा सेट बदलला, त्याच टँकवर, तेच ५०३ लिटर धरून परत स्टॉपवॉच लावलं, ३ मिनिटं २८ सेकंदात काटा ७ वर आला, ३४.७ सीएफएम.